नेसलेली साडी परत येते तेव्हा

समजा, साडीच्या दुकानात एक ताई पिशवी घेऊन आल्या आहेत. दहा दिवसांपूर्वी त्यांनी मोतिया रंगाची, लाल काठाची सुती-रेशमी साडी ४,८०० रुपयांना घेतली होती. फॉल-बिडिंग झालं आणि साडी एका बारशाला नेसून झाली. पहिल्याच धुण्यात काठाचा लाल रंग अंगावर उतरला. "दादा, एकदाच नेसले होते हो. पैसे परत द्या," त्या म्हणतात. दुकानदाराच्या पाठीमागे पाटी आहे: विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

माल सदोष असेल तर या पाटीचा आधार घेता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तू परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर ती लागू होते, नसेल तर तीस दिवसांची. म्हणून "वापरली आहे का?" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की दोष विकतानाच मालात होता का?

हे शोधायला वाद घालावा लागत नाही. त्याच लॉटमधली न विकलेली साडी काढायची. पदराचं टोक साध्या थंड पाण्यात भिजवून पांढऱ्या सुती कापडावर अर्धा तास ठेवायचं. नुसत्या पाण्यानेच कापडावर लाल डाग उमटला तर रंग कच्चा आहे. तो दोष ग्राहकाचा नाही. डाग उमटला नाही, तर साडी कशी धुतली हे विचारायचं: गरम पाणी, मशीन, रात्रभर भिजवण? आणि धुण्याविषयी दुकानाने काय सांगितलं होतं, बिलावर काय लिहिलं होतं, हेही तितक्याच प्रामाणिकपणे आठवायचं. आपण काही सांगितलंच नसेल, तर चूक एकट्या ग्राहकाच्या माथी मारता येत नाही.

यातून तीन वाटा निघतात. साध्या पाण्यात रंग गेला तर साडी परत घ्यावी आणि पूर्ण पैसे द्यावेत. एकदा नेसली म्हणून रक्कम कापू नये, कारण धुण्याआधी हा दोष दिसणंच शक्य नव्हतं. मग फोटो आणि लॉट नंबर ठोक व्यापाऱ्याकडे पाठवून आपली भरपाई तिथून मागावी, आणि उरलेला लॉट विक्रीतून काढावा.

दुसरी वाट अर्धवट परताव्याची. रंग थोडा कच्चा निघाला, पण 'ड्रायक्लीन' असं बिलावर लिहिलेलं असूनही साडी मशीनला लावली, असं दोघांनाही मान्य असेल तर? इथे आकडा हवेतून काढू नये. १९३० च्या मालविक्री कायद्यात एक जुनं तत्त्व आहे: स्वीकारलेला माल हमीप्रमाणे नसेल तर उणावलेल्या मोलाइतकी किंमत कमी करून मागता येते. डाग पडलेली साडी सेलमध्ये १,२०० ला जाईल असं धरलं, तर नुकसान ३,६०० चं. जबाबदारी निम्मी-निम्मी मानली तर १,८०० रुपये परत, आणि साडी ताईंकडेच. हा हिशेब कागदावर मांडून दाखवला तर घासाघीस कमी होते. मात्र हा आपसातला तोडगा झाला. तो पटला नाही तर ताईंना जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊन पूर्ण रक्कम मागण्याचा मार्ग मोकळाच राहतो.

तिसरी वाट नकाराची. साडीत दोष नाही, काखेशी घामाचे आणि अत्तराचे डाग आहेत, निऱ्यांच्या घड्या मोडल्या आहेत, आणि तक्रार "घरी रंग आवडला नाही" एवढीच आहे. अशी साडी नवी म्हणून पुन्हा विकणं म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाची फसवणूक. नकार द्यावा, पण कोणत्या खुणांमुळे देतो आहोत ते साडी उलगडून दाखवावं.

सद्भाव येतो तो या नकारानंतर. जुनं गिऱ्हाईक आहे, अडचण खरी दिसते, म्हणून दुकानदार पुढच्या खरेदीवर पाचशे रुपये सोडू शकतो किंवा डाग काढून आणून देऊ शकतो. ही रक्कम आपल्या नफ्यातून जाते, तेव्हा तिची मर्यादा आधीच ठरवावी आणि "हे आमच्याकडून" असं स्पष्ट म्हणावं.

सगळ्यात मोठी चूक होते ती या वाटांची सरमिसळ केल्यावर. रंग कच्चा असताना "तुमच्यासाठी म्हणून पाचशे सोडतो" म्हणणारा दुकानदार ताईंचा हक्क मेहेरबानी म्हणून विकतो. पुढे कुणी त्या पांढऱ्या कापडाची परीक्षा त्यांना सांगितली, की त्या दुकानाची पायरी पुन्हा चढत नाहीत. म्हणून आधी कापड भिजवावं, मग बोलावं.