डोळ्यावर पाणी मारायचं की नाही?

दिवाळीत बारामती-इंदापूरकडच्या कुठल्याही वस्तीवर फटाका कुणाच्या तोंडाजवळ फुटला की पहिली आरोळी ठरलेली असते, "आधी पाणी मारा डोळ्यावर!" कुणी तांब्या घेऊन धावतं, कुणी बोअरच्या पाइपाखाली पोराचं डोकं धरतं. पाणी मारणाऱ्याची माया खरी असते, म्हणून त्याला कुणी अडवत नाही. पण अडवायला हवं. फटाक्याने डोळ्याला मार बसला असेल, तर घरच्या घरी होणारं सगळ्यात मोठं नुकसान याच पाण्याने आणि त्याच्यासोबत होणाऱ्या चोळण्याने होतं.

पाण्याने निखारा विझतो, हाताचा भाजलेला भाग निवतो, म्हणून डोळाही निवेल असं आपल्याला वाटतं. पण सुतळी बॉम्बने डोळ्याला होणारी मुख्य इजा भाजण्याची नसते, ती ठोशाची आणि चिरण्याची असते. डोळा म्हणजे द्रवाने भरलेला, ताणलेला चेंडू. पत्र्याचा किंवा काचेचा तुकडा त्यात शिरला किंवा नुसत्या दणक्यानेच तो फाटला, तर आतला पडदा आणि बुबुळाचा भाग त्या फटीतून बाहेर यायला टपलेला असतो. अशा डोळ्यावर पाण्याची धार मारली किंवा पापण्या बोटांनी फाकवल्या की दाब पडतो आणि जे आत होतं ते बाहेर येतं. शिवाय टाकीतले जंतू फटीतून थेट आत जातात. म्हणूनच अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी ही नेत्रतज्ज्ञांची संस्था फटाक्याच्या इजेबाबत स्पष्ट सांगते की डोळा चोळू नका, धुऊ नका, दाबू नका, मलम लावू नका आणि रुतलेली वस्तू काढू नका.

समजा, निमगाव केतकीजवळच्या एका वस्तीवर भाऊबीजेच्या संध्याकाळी दहा वर्षांच्या मुलाने बॉम्बवर पत्र्याचा डबा उपडा घातला. वात विझली असं वाटून तो वाकला आणि डबा उडाला. पोर डोळा धरून बसलंय. अशा वेळी पहिलं काम म्हणजे त्याचा हात डोळ्यावरून हळूच बाजूला घेणं आणि तो पुन्हा तिथे जाऊ न देणं. मग जबरदस्ती न करता, आपोआप जेवढी पापणी उघडेल तेवढंच पाहायचं. बाहुली गोल न दिसता थेंबासारखी एका बाजूला ओढलेली दिसते का? पांढऱ्या भागावर काळपट-तपकिरी काही आलंय का? डोळा बसल्यासारखा वाटतो का? गालावर पाण्यासारखा द्रव ओघळतोय का? यातलं एक जरी असलं तरी डोळा फाटला असं धरून चालायचं. पापणी उघडतच नसेल, तरीही तसंच धरायचं.

आता चहाचा कागदी कप घ्या. दिवाळीत तो घराघरात असतो. त्याचा बुडाकडचा अर्धा भाग कापा आणि वाटीसारखा डोळ्यावर असा ठेवा की कड कपाळाच्या आणि गालाच्या हाडावर टेकेल, डोळ्याला मात्र काहीच शिवणार नाही. दोन चिकटपट्ट्या लावल्या की झालं. कापसाचा बोळा आणि घट्ट पट्टी नको, कारण तीही दाबतेच. डोकं थोडं उंच राहील असं बसवून न्या.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे हटकून होते. पोर घाबरलंय म्हणून त्याला साखरपाणी, चहा, लाडू दिला जातो. हे करू नका. डोळा शिवायला लहान मुलाला पूर्ण भूल द्यावी लागते आणि पोटात काही असलं की भूल लांबते. फाटलेला डोळा शक्यतो चोवीस तासांच्या आत शिवावा लागतो, नाहीतर आत पू होण्याचा धोका वाढतो. इंदापूरहून पुण्याला पोहोचायलाच अडीच-तीन तास लागतात. त्यात आधी घरगुती उपाय, मग सुट्टीमुळे बंद दवाखाना, मग "सकाळी बघू" असं झालं, तर रात्र तिथेच जाते. 108 ला फोन करा किंवा बारामती-इंदापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात थेट जा. तिथून पुढे पाठवायचं तर ते लगेच पाठवतील. वेदनेसाठी स्वतःहून अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

मग पाणी कधीच मारायचं नाही का? मारायचं, आणि तेही भरपूर, पण डोळ्यात रसायन गेलं असेल तेव्हा. इथे उलटाच गैरसमज आडवा येतो. पाइप आणि लायटर जोडून केलेली कार्बाइडची बंदूक 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात फार मोठ्या संख्येने मुलांचे डोळे जाळून गेली. शेतात पाखरं हाकायला असली जुगाडं आपल्याकडेही होतात. "कार्बाइडवर पाणी पडलं की पेट घेतं, म्हणून धुऊ नका," असं मी शहाण्यासुरत्या माणसांकडून ऐकलं आहे. हे चूक आहे. कार्बाइड आणि पाणी मिळून गॅस होतो आणि मागे उरतो तो चुना, तंबाखूला लावतात तोच. डोळ्यात अश्रू असतातच, त्यामुळे तिथे चुना आधीच तयार होत असतो आणि तो बुबुळाच्या आत आत मुरत जातो. थोडं पाणी तिथे पुरत नाही, धो धो पाणी लागतं. दिसणारे खडे ओल्या फडक्याच्या टोकाने आधी टिपा. मग डोकं जखमी डोळ्याच्या बाजूला झुकवून, पापण्या उघड्या धरून किमान अर्धा तास साध्या स्वच्छ पाण्याची संथ धार सोडा. पाणी नळाचं चालेल, बोअरचंही चालेल. उकळून गार होण्याची वाट बघत बसू नका. स्फोटाने डोळा फाटल्याचीही शंका असेल, तर डोळ्याच्या गोळ्यावर अजिबात दाब न देता हलकी धार सोडा, कारण चुना थांबत नाही. धुऊन झाल्यावर डॉक्टरकडे जायचंच.

फुलबाजीची किंवा झाडाची राख नुसती उडून गेली, मार बसला नाही, तर साध्या पाण्याने धुणं ठीक. खुपणं थांबलं नाही किंवा अंधुक दिसू लागलं, तर मात्र तपासून घ्या.

बाकीचे समज थोडक्यात. मध, तूप, गुलाबपाणी, अंगावरचं दूध यातलं काहीही जखमी डोळ्यात घालायचं नाही. त्यातून जंतू जातात, आणि तुपासारखं काही असलं तर डॉक्टरला आतलं दिसतही नाही. मार बसलेल्या डोळ्यातला कण पदराच्या टोकाने काढायचा नाही. मागच्या वेळी उरलेले ड्रॉप वापरायचे नाहीत. त्यात स्टेरॉइड असेल तर जंतुसंसर्ग बळावतो.

"दिसतंय ना, मग काही झालं नाही" हे तर अजिबात खरं नाही. दणक्याने बुबुळामागे रक्त साचतं, ते बसल्यावर खाली लाल रेघ दिसते, आणि पहिल्या चार-पाच दिवसांत पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो. डोळ्यातला निचरा बिघडला तर काचबिंदू कित्येक वर्षांनीही होऊ शकतो, आणि तो बहुतेकदा दुखत नाही.

"पेटवणाऱ्यालाच लागतं" असं मानणाऱ्यांसाठी एक आकडा. ब्रिटिश जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजीमध्ये 2010 मध्ये आलेल्या, अनेक देशांतल्या अभ्यासांच्या आढाव्यात जखमींपैकी 47 टक्के लोक नुसते बघत उभे होते.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी एक फोन करा आणि सुट्टीत आपल्या गावाजवळ कोणता नेत्रतज्ज्ञ हजर आहे ते विचारून नंबर भिंतीवर लिहा. फटाक्यांच्या पिशवीत एक कागदी कप आणि चिकटपट्टीही टाका.