मिशीखालचा ओठ

2017 साली 'जस्टिस लीग' पडद्यावर आला आणि पहिल्याच दृश्यात लोकांची नजर सुपरमॅनच्या वरच्या ओठावर खिळली. काहीतरी बिनसलं होतं. काही प्रसंग नव्याने चित्रित करायचे ठरले तेव्हा सुपरमॅन साकारणाऱ्या हेन्री कॅव्हिलने दुसऱ्या चित्रपटासाठी मिशी राखली होती, आणि त्या चित्रपटाची कंपनी ती उतरवू देईना. मग ती संगणकावर उतरवली गेली!

केस पुसणं हे यातलं सोपं काम. त्यांच्या जागी काय होतं, ते कॅमेऱ्याने पाहिलेलंच नसतं. समजा, भरघोस दाढीवाल्या एका काकांचा फोटो आहे आणि डावीकडच्या खिडकीतून उजेड येतोय. दाढीमुळे चेहरा बोटभर तरी लांब आणि रुंद दिसतो. ती काढली की तिने झाकलेला गळा, कॉलर आणि मागची भिंतसुद्धा रंगवावी लागते. जबड्याचा धागा कानाच्या पाळीखाली सापडतो, तिथून रेघ हनुवटीकडे न्यायची. हनुवटी टोकदार की खळीची, हे सांगेल तो काकांचा तरुणपणीचा फोटोच. तो नसेल, तर आपण काढतो ती एक शक्यता, काकांची हनुवटी नव्हे.

मग रंग. गालाची कातडी उचलून खाली चिकटवली, तर काका बारा वर्षांचे दिसू लागतात. घोटून दाढी केली तरी केसांची मुळं कातडीखाली उरतात आणि तिच्यातून निळसर-राखाडी झाक दाखवतात. म्हणून वेगळ्या लेयरवर तो रंग अगदी पुसटसा फिरवायचा. शिवाय वर्षानुवर्षं दाढीआड राहिलेल्या कातडीला ऊन कमी लागलेलं असतं, ती कपाळाइतकी रापलेली नसते.

खरी कसोटी ओठाची. नाकाखाली एक उभी खाच असते, तिच्या दोन्ही बाजूंना बारीक उंचवटे. खिडकीकडच्या उंचवट्यावर उजेड, खाचेत सावली. ओठाच्या कडेलाही एक फिकट, उजळ रेघ धावते. आरशात बघा, सापडेल. क्लोन स्टॅम्पने हे सगळं सपाट केलं की रबरी पट्टी उरते. खालच्या ओठाखालची सावली विसरली, तरी हनुवटी चेहऱ्यावर चिकटवल्यासारखी वाटते. अशा चुका शोधायला मी फोटो आडवा उलटा करून बघतो. सरावलेली नजर फसते, उलट्या चेहऱ्यावर तीच चूक चटकन दिसते.

काकांच्या फोटोत हा ओठ एकदाच रंगवून भागतं. सुपरमॅन मात्र बोलत होता. सेकंदाला चोवीस चित्रं, आणि प्रत्येक शब्दागणिक ती खाच ताणली जाणार, आखडणार, तिची सावली सरकणार.