त्रिमार्गी पडताळणी : महाविद्यालयीन खरेदीची देयके मंजुरीपूर्वी तपासण्याची पद्धत

प्रस्तावना :

खरेदीचे देयक मंजूर करण्यापूर्वी तीन कागद एकमेकांशी जुळावे लागतात. काय व कोणत्या दराने मागविले हे खरेदी आदेश सांगतो, प्रत्यक्ष काय स्वीकारले हे भांडारातील माल पावती सांगते आणि पुरवठादार किती रक्कम मागतो हे बीजकावरून कळते. या जुळवणीस त्रिमार्गी पडताळणी म्हणतात. ती संगणकीय तक्त्यात करताना बहुतेक चुका एकाच ठिकाणी होतात. माल आणि बीजके तुकड्या-तुकड्यांनी येतात, तक्ता मात्र एका नोंदीची तुलना एकाच नोंदीशी करतो. प्रस्तुत लेखात या एका अडचणीचे विवेचन केले आहे.

उदाहरण :

समजा, रसायनशास्त्र विभागाने खरेदी आदेश क्र. २७ अन्वये २५० मिलिलिटरचे २०० बीकर प्रत्येकी १२० रुपये दराने मागविले. (कर येथे वगळला आहे. तुलना नेहमी करपूर्व दरांचीच करावी.) पहिल्या खेपेत १२० बीकर आले व सर्व स्वीकारले गेले. दुसऱ्या खेपेत ८० आले. त्यांपैकी ६ तडकलेले निघाल्याने ७४ स्वीकारले. पुरवठादाराने पहिले बीजक १२० नगांचे १२० रुपये दराने व दुसरे ८० नगांचे १२६ रुपये दराने पाठविले.

केवळ आदेश आणि बीजक ताडून पाहिले तर २०० नग मागविले, २०० नगांचे बीजक आले, म्हणजे संख्या जुळते. एकूण रकमेत २४,००० व २४,४८० असा फरक दिसतो. तो नेमका दोन टक्के आहे. ‘दोन टक्क्यांपर्यंत चालेल’ अशी सूट ठेवलेल्या कार्यालयात हे देयक विनाहरकत मंजूर होईल. वस्तुतः देय रक्कम १९४ × १२० = २३,२८० रुपये आहे. जास्तीच्या १,२०० रुपयांपैकी ७२० रुपये तडकलेल्या बीकरांचे व ४८० रुपये वाढीव दराचे आहेत. म्हणून सूट ठेवायचीच तर ती दरावर, तीही पैशांच्या पूर्णांकनापुरती ठेवावी. एकूण रकमेवर ठेवू नये.

तक्त्याची रचना :

तीन पाने करावीत. `PO` मध्ये ओळख, संख्या व दर. `GRN` मध्ये ओळख, आलेली व स्वीकृत संख्या. `INV` मध्ये ओळख, बीजक क्रमांक, संख्या व दर असे स्तंभ याच क्रमाने असावेत. ओळख म्हणजे आदेश क्रमांक व त्यातील वस्तूचा अनुक्रम, उदा. `27|1`. मधली उभी रेघ आवश्यक आहे, अन्यथा आदेश २, वस्तू ७१ आणि आदेश २७, वस्तू १ या दोहोंची ओळख `271` अशी एकच होईल.

माल पावती शोधण्यासाठी अनेक जण `VLOOKUP` वापरतात. परंतु ते सूत्र पहिली जुळणारी नोंद देऊन थांबते. आपल्या उदाहरणात ते प्रत्येक वेळी १२० हीच संख्या देईल. दुसऱ्या बीजकाची ८० ही संख्या तिच्याहून कमी असल्याने ते बीजक योग्य ठरेल आणि तेच पुन्हा आले तरीही योग्य ठरेल. म्हणून तुलना आजवरच्या बेरजांची करावी. `INV` पानावरील E आणि F या स्तंभांत अनुक्रमे पुढील सूत्रे लिहावीत :

```
=SUMIFS(C$2:C2,A$2:A2,A2)-SUMIFS(GRN!C:C,GRN!A:A,A2)
=ROUND(D2-VLOOKUP(A2,PO!A:C,3,FALSE),2)
```

पहिले सूत्र त्या ओळीपर्यंत बीजकांत आलेल्या संख्येतून एकूण स्वीकृत संख्या वजा करते. आपल्या दोन बीजकांसमोर ते −७४ व ६ दाखवेल. ऋण संख्या म्हणजे स्वीकारलेल्या मालाचे बीजक अद्याप यावयाचे आहे. धन संख्या दिसताच देयक थांबवावे. तेच बीजक किंचित बदललेल्या क्रमांकाने पुन्हा आले तरी येथे ८६ उमटेल. क्रमांकांची तुलना करून ही द्विरुक्ती सापडली नसती. दुसऱ्या सूत्रात `VLOOKUP` चालते, कारण आदेशात प्रत्येक ओळख एकदाच असते. ते दुसऱ्या बीजकासमोर ६ रुपयांचा फरक दाखवेल. तेथे `#N/A` आल्यास आदेशाविना बीजक आले आहे किंवा ओळख चुकीची लिहिली गेली आहे. ही खूण `IFERROR` ने झाकण्याचा मोह टाळावा.

पुरवठादाराने ६ बीकर बदलून दिल्यास नवी माल पावती नोंदवावी, म्हणजे फरक आपोआप शून्य होईल. दरातील फरकासाठी मात्र त्याच्याकडून क्रेडिट नोट घ्यावी. केवळ रक्कम कापून धनादेश दिल्यास त्याच्या खातेवहीत ती बाकी राहते आणि पुढील वर्षी तोच वाद उभा राहतो.

मर्यादा :

भांडारपालाने माल न मोजता बीजकावरील संख्याच माल पावतीत उतरविली, तर तीन कागद प्रत्यक्षात दोनच उरतात आणि वरील पहिले सूत्र कोठेही धन संख्या दाखवीत नाही. अशा वेळी `GRN` पानावरील आलेली व स्वीकृत संख्या शेजारी ठेवून पाहावी. काचसामानासारख्या वस्तूंतही वर्षभरात एकही नग नाकारलेला नसेल आणि पावतीची तारीख नेहमी बीजक हाती आल्याचीच असेल, तर भांडारात जाऊन चार खोकी उघडून मोजावीत.