जोखमीतला खरा वाटा

समजा, 4 लाख शेअरमध्ये, 6 लाख सोन्यात. रोजचा चढउतार शेअरचा 2 टक्के, सोन्याचा 1. दोघांचा परस्परसंबंध शून्य. मग शंभरपैकी साधारण 95 दिवस तोटा 16,500 रुपयांच्या आत राहील. ही एकूण 'व्हॅल्यू ॲट रिस्क'.

यात शेअरचा वाटा, म्हणजे 'कंपोनंट', 10,560 रुपये आणि सोन्याचा 5,940. पैसा 40 टक्के, जोखीम मात्र 64 टक्के! मला हाच आकडा सर्वांत बोलका वाटतो.

आणखी एक रुपया शेअरमध्ये घातला, तर जोखीम 2.64 पैशांनी वाढते; सोन्यात घातला, तर 0.99 पैशांनी. ही झाली 'मार्जिनल'. रक्कम मोठी असेल तर हे गणित नव्याने मांडावे लागते. बाजार कोसळताना दोन्ही एकत्र घसरले, तर परस्परसंबंधाचे गृहीतकच मोडते.