तेलुगू प्रत्ययांतील स्वरसंगती
मराठीतील ‘ला’ हा प्रत्यय कोणत्याही शब्दापुढे तसाच राहतो. सोलापूरच्या अनेक विणकर कुटुंबांची मातृभाषा तेलुगू. तिच्या प्रमाण रूपात मात्र याच अर्थाचा प्रत्यय ‘कि’ किंवा ‘कु’ असा आढळतो. पुढील रूपे पाहावीत : पुलि (वाघ) – पुलिकि, गुरुवु (गुरू) – गुरुवुकु, बिड्ड (मूल) – बिड्डकु. प्रत्ययाचा स्वर शब्दाच्या आद्य स्वरावरून ठरतो काय? तसे असते, तर ‘पुलिकु’ व ‘बिड्डकि’ अशी रूपे झाली असती. निर्णायक आहे तो अंत्य स्वर : तो ‘इ’ असल्यास ‘कि’, एरवी ‘कु’. द्वितीयेच्या ‘नि’ व ‘नु’ या प्रत्ययांवर वाचकाने हा नियम पडताळावा. पुलिनि, गुरुवुनु, बिड्डनु अशीच रूपे मिळतील. बोलण्यात ‘गुरुवुकि’ही ऐकू येते. अनेकवचनात दिशा उलटते : ‘लु’ प्रत्ययच शब्दाचा स्वर पालटतो आणि ‘पुलि’चे ‘पुलुलु’ होते.