दुसरं वळण कुणाचं?

नंदुरबारमधल्या नवलेखकांच्या पटकथा वाचताना मला एक चूक वारंवार दिसते. दुसरं वळण बाहेरून येतं. अपघात होतो, जुनं पत्र सापडतं आणि नायक नुसता बघत राहतो.

सिड फील्ड यांनी १९७९ मध्ये मांडलेला हिशेब सोपा आहे. १२० पानांच्या पटकथेत पहिला अंक सुमारे ३० पानांचा, दुसरा ६०, तिसरा ३०. एक पान म्हणजे अंदाजे एक मिनिट. पण पानं मोजून वळण सापडत नाही. कथेचा प्रश्न कुठे बदलला, ते पाहावं लागतं.

संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४) घ्या. आजोबा परशाला कोकणातून शहरात आणतात, तेव्हा प्रश्न असतो, याच्या डोळ्यांना झालंय काय? कर्करोगाचं निदान होतं आणि प्रश्न बदलतो. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. हे पोराला सांगायचं कसं? हे पहिलं वळण. ते आजोबांवर कोसळतं, आणि पहिल्या वळणाला ते चालतं.

पुढे शस्त्रक्रिया लांबणीवर पडते. अनेकजण हेच दुसरं वळण समजतात. माझ्या मते ती फक्त संधी. आजोबा नातवाला घेऊन गुपचूप रुग्णालयाबाहेर पडतात, ते वळण. अंधार होण्याआधी याला काय काय दाखवायचं, हा आता प्रश्न. निदान तेच आहे, शस्त्रक्रियाही टळलेली नाही. बदलले आहेत ते आजोबा. म्हणून तिसऱ्या अंकातली शस्त्रक्रिया पराभव वाटत नाही.

आपल्या पटकथेत त्या जागी नायकाला गप्प बसवून पाहा. तरीही शेवट तसाच येत असेल, तर तिथे वळण नाही, नुसती घटना आहे.