मोजदादीच्या कागदाची नक्कल

आमच्या शाळेच्या वही-भांडारात मालाची मोजदाद एक जण करतो आणि त्या कागदाचे छायाचित्र पाहून नोंदवहीत आकडे दुसरा उतरवतो. घोटाळा होतो तो बहुधा अंकांच्या वळणामुळे. सीमाभागात एकाच कागदावर मराठी व इंग्रजी अंक शेजारी नांदतात, आणि घाईत लिहिलेला मराठी चार इंग्रजी आठासारखा दिसतो.

परवा ‘शंभर पानी वही’ या नावापुढे वरच्या कप्प्यात २८ व खालच्यात ११ असे उतरले. कागदावर एकूण मात्र ३५. बेरीज तर ३९ येते. फरक ४, म्हणजे आठ आणि चार यांतील नेमके अंतर! चित्र मोठे करून पाहिले, तो आकडा २४ निघाला. म्हणून आधी कप्प्यांचे आकडे उतरवून बेरीज आपण करावी, मगच कागदावरील एकूण पाहावी. ती आधी पाहिली, की डोळा हवे तेच वाचतो.

कागदावरचीच बेरीज चुकली असेल, तर ती परस्पर सुधारू नये. आहे तशी लिहून शेजारी खूण करावी. रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे. तो कप्पा मोजावयाचा राहिलाही असेल. आणि ‘चौ. वही’ ही चौरेघी की चौकटीची, हे मोजणाऱ्यालाच विचारावे लागते.